तीळ वाढला की रुपया लहान झाला?

*माझ्या मिस्टरांच्या डाव्या खांद्याच्या पात्यावर एक तीळ आहे, लग्नापासून बघते आहे. त्यांचं वय 54. मार्चमध्ये तो जरा ठळक वाटला म्हणून दर महिन्याला शेजारी रुपयाचं नाणं आणि तारखेची चिठ्ठी धरून फोटो काढायला लागले. मार्चमध्ये तिळाची रुंदी नाण्याच्या पाचव्या भागाएवढी होती. जूनमध्ये उलट लहान दिसला. आता सप्टेंबरमध्ये चौथ्या भागाएवढा झालाय आणि रंगही काळपट वाटतो. हिशेब केला तर सव्वासहा मिलिमीटर येतात, आणि सहाच्या वर धोका असं वाचलंय. हे म्हणतात, 'तुझे फोटोच चुकतात.' आमच्यात कोण बरोबर? सगळे फोटो सोबत पाठवते आहे.*
*— एक वाचक, कोथरूड*

ताई, आधी निकाल सांगते, हिशेब मागून. नाण्याच्या बाबतीत तुमचे यजमान बरोबर आहेत. आणि तरीही त्यांना त्वचारोगतज्ज्ञाकडे जायचं आहे, तेही याच आठवड्यात. दोन्ही गोष्टी तुमच्याच फोटोंत आहेत, फक्त वेगवेगळ्या जागी.

मार्चचा फोटो उघडा आणि तिळाकडे न बघता नाण्याकडे बघा. त्यावर अंगठा वर केलेला हात आहे आणि खाली 2009 साल. आता सप्टेंबरचा उघडा. या नाण्यावर ₹ चिन्ह आहे, मोठा एक आहे, धान्याची नक्षी आहे आणि साल 2020. दोन्ही रुपयेच. पण अंगठ्याचा रुपया 25 मिलिमीटर रुंद आहे आणि नवा 20 मिलिमीटर. मधे 2011 पासून ₹ चिन्हाचा एक तिसरा रुपया आला, तो सुमारे 22 मिलिमीटरचा. तिन्ही आजही बाजारात फिरतात. ऑगस्टपर्यंतच्या तुमच्या सगळ्या फोटोंत अंगठ्याचाच रुपया आहे. सप्टेंबरमध्ये गणपतीसाठी सुटे पैसे आणले असतील, त्यातला एक हाताला लागला असणार.

आता हिशेब पुन्हा मांडू. मार्चमध्ये 25 चा पाचवा भाग, म्हणजे 5 मिलिमीटर. सप्टेंबरमध्ये 20 चा चौथा भाग, म्हणजे पुन्हा 5 मिलिमीटर. तुम्ही सप्टेंबरमध्येही नाणं 25 चंच धरलंत, त्याचा चौथा भाग सव्वासहा. रुंदीत तीळ जागचा हललेला नाही, माप लहान झालं.

माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही, कारण तुमच्या फोटोंत एक साक्षीदार आहे. मोठ्या तिळाच्या खाली, मणक्याच्या बाजूला एक बारीक तीळ आहे. मार्चमध्ये या दोन तिळांमधलं अंतर एक नाणं आणि वर त्याचा पाचवा भाग एवढं आहे. सप्टेंबरमध्ये तेच अंतर दीड नाणं भरतं. 25 च्या नाण्याने 30 मिलिमीटर, 20 च्या नाण्यानेही 30 मिलिमीटर. नाणं एकच मानलं तर सहा महिन्यांत यजमानांची पाठसुद्धा सव्वापट झाली असं म्हणावं लागेल, आणि तसं झालं असतं तर शर्टांनी आधी सांगितलं असतं. चौकटीत नेहमी दुसरा एखादा तीळ, व्रण, काहीतरी न बदलणारं घ्यायचं ते यासाठीच. तीळ आणि साक्षीदार एकाच पटीत वाढलेले दिसले तर दोष मोजण्यात. साक्षीदार होता तेवढाच आणि तीळ एकटाच वाढला, तर तीळ खरंच वाढला.

जूनचं कोडंही यातच सुटतं. त्या फोटोत नाणं तुम्ही दोन बोटांत धरलं आहे आणि त्याची सावली पाठीवर बाजूला सरकलेली दिसते, म्हणजे नाणं कातडीला टेकलेलं नाही. समजा ते एक सेंटिमीटर वर होतं आणि फोन दहा सेंटिमीटरवर. मग नाणं कॅमेऱ्यापासून नऊवर आणि तीळ दहावर. जवळची वस्तू मोठी दिसते, म्हणून नाणं साधारण नवव्या हिश्शाने फुगलं आणि त्याच्या तुलनेत 5 चा तीळ साडेचारचा भासला. सावली नाण्याला चिकटलेली असेल तर नाणं टेकलेलं, सुटी दिसली तर अधांतरी, एवढी खूण पुरते.

इथपर्यंत वाचून यजमानांनी 'मी म्हणत नव्हतो!' म्हटलं असेल तर त्यांना पुढचंही वाचायला द्या.

तुम्ही प्रत्येक वेळी आडवी रुंदी मोजलीत. मी उभीही मोजली. मार्चमध्ये तीळ आडवा 5 आणि उभा 5, जवळजवळ गोल. सप्टेंबरमध्ये आडवा 5, उभा 6. खालच्या डाव्या बाजूला एक छोटं टोक बाहेर आलं आहे. आता नाणं कुठलंही असो, ते एकाच फोटोत आडवं वेगळं आणि उभं वेगळं नसतं. लांबी आणि रुंदीचं आपसातलं प्रमाण नाण्याच्या आकारावर अवलंबूनच नाही. ते बिघडतं मुख्यतः फोन तिरका धरल्याने, कारण तिरकेपणात एक बाजू आखडते. त्याचीही परीक्षा नाण्यातच असते. फोन तिरका असता तर गोल नाणं फोटोत लंबगोल झालं असतं. सप्टेंबरच्या फोटोतलं नाणं मी उभं-आडवं मोजलं, दोन्हीकडे सारखं भरलं. (तुमचा मेचा फोटो याउलट आहे. तिथे नाणं स्पष्ट लंबगोल आहे, म्हणून तो मी मोजण्यातून काढून टाकला.) मला पट्टीपेक्षा नाणं आवडतं ते याचसाठी. पट्टी तिरकी झाली तर फोटोत सहज कळत नाही, नाणं लगेच चुगली करतं.

टोक कधी आलं हेही तुमच्या मालिकेतून सांगता येतं. जुलैच्या फोटोत ते नाही. ऑगस्टमध्ये अंधुक आहे, आणि ते सप्टेंबरचा फोटो पाहून परत गेल्यावरच लक्षात येतं. सप्टेंबरमध्ये स्वच्छ दिसतं. वर्षानुवर्षं शांत असलेल्या तिळाच्या एकाच कोपऱ्यात पन्नाशीनंतर दोन महिन्यांत बदल होतो, ही गोष्ट डॉक्टरला मिलिमीटरच्या आकड्यापेक्षा जास्त उपयोगाची आहे.

रंगाचं प्रकरण अर्धं अर्धं आहे. तुमची तारखेची चिठ्ठी मार्चमध्ये पांढरी दिसते आणि सप्टेंबरमध्ये पिवळट-राखाडी. कागद तर तोच, म्हणजे उजेड बदलला. मार्चचा फोटो खिडकीतल्या उन्हाळी उजेडात काढलेला, सप्टेंबरचा पावसाळी संध्याकाळी दिव्याखाली. त्यात नव्या नाण्यावर दिव्याची चकाकी आली आहे. अशी चकाकी चौकटीत असली की फोन आपणहून उजेड कमी करतो आणि उरलेलं सगळं गडद होतं. आजूबाजूची कातडीही सप्टेंबरमध्ये सावळी झालेली दिसते, तेव्हा संपूर्ण तीळ काळपट वाटण्याला मी महत्त्व देत नाही. पण ते टोक त्याच फोटोत, त्याच उजेडात बाकीच्या तिळापेक्षा गडद आहे. दोन फोटोंमधले रंग ताडून बघायचे तर शंभर भानगडी आहेत. एकाच फोटोतल्या दोन शेजारच्या ठिपक्यांत फरक असला तर तो खोटा असण्याला फारसं कारण उरत नाही.

म्हणून डॉक्टर. हे वाईटच आहे असं मी म्हणत नाही, फोटोवरून ते मला सांगताही येणार नाही. साध्या तिळाच्या कडेला खाजवल्याची खपली धरली तरी असं टोक दिसतं, आणि पन्नाशीनंतर येणारे वयाचे तपकिरी खवलेही तिळाला चिकटून उगवतात. आपल्याकडे तिळाचा कर्करोग, मेलेनोमा, गोऱ्या लोकांच्या मानाने पुष्कळ कमी. पण कमी म्हणजे नाही असं नाही, आणि हा बदल घरी आणखी तीन महिने फोटो काढत बसण्यासारखा नाही. घरचे फोटो बदल पकडण्यासाठी असतात. पकडला की त्यांचं काम झालं.

त्या सहा मिलिमीटरबद्दल दोन शब्द. 1985 मध्ये न्यूयॉर्कच्या त्वचारोगतज्ज्ञांनी मेलेनोमा ओळखायला चार खुणा मांडल्या: दोन अर्धांचा बेढबपणा, वेडीवाकडी कड, रंगांची सरमिसळ, आणि 6 मिलिमीटरच्या वरचा व्यास. पेन्सिलीच्या मागच्या खोडरबराएवढा, अशी त्या मापाची आठवण ठेवतात. पाचवी खूण, म्हणजे बदल, 2004 मध्ये जोडली गेली. सहाचा आकडा लक्षात राहायला सोपा म्हणून लोक त्यालाच धरून बसतात. सहाच्या वरचे कितीतरी तीळ निरुपद्रवी असतात आणि सहाच्या आतलेही काही वाईट निघतात. तुमच्याकडचा तीळ उभा बरोबर सहा भरतोय, पण तो पाच भरला असता तरी त्या टोकासाठी मी हेच सांगितलं असतं.

डॉक्टरांकडे काय होईल ते सांगते, म्हणजे यजमानांना टाळायला निमित्त नको. ते डर्मोस्कोप नावाचं, दिवा असलेलं भिंग तिळावर ठेवून बघतील. त्यातून कातडीच्या वरच्या थराखालची रंगाची जाळी दिसते, साध्या डोळ्यांना किंवा फोनला दिसत नाही ती. सुई नाही, दुखणं नाही, पाच मिनिटांचं काम. बघून ते एक तर निश्चिंत राहा म्हणतील, किंवा डर्मोस्कोपचाच फोटो काढून साधारण तीन महिन्यांनी पुन्हा बोलावतील, किंवा तीळ काढून तपासायला पाठवू म्हणतील. काढायचा ठरला तर जागा बधिर करून संपूर्ण तीळ कडेच्या थोड्या कातडीसकट काढतात, दोन-तीन टाके पडतात, आणि तुकडा पॅथॉलॉजीकडे जातो. खाजगीत जायचं नसेल तर ससूनला त्वचारोग विभाग आहेच. मात्र जाताना भिंगाने तपासतात का, हे आधी विचारून घ्या.

इथे एका गोष्टीवर मी अडून बसणार आहे. तीळ जाळून, लेझरने किंवा चुना-बिबा लावून घालवू नका. 'दहा मिनिटांत तीळ गायब' म्हणणाऱ्या कुठल्याही ठिकाणी जाऊ नका. जाळला की तपासायला काही उरत नाही. वाईट असेल तर वरचा रंग जातो आणि मूळ आत राहतं, आणि पुढे ते किती खोल होतं हे कुणालाच सांगता येत नाही. माझ्याकडे असा एक गृहस्थ आला होता, गालावरचा ठिपका दोन वेळा जाळून घेतलेला, तिसऱ्यांदा उगवलेला. आधीचा एकही फोटो नाही, एकही अहवाल नाही. सुदैवाने निघाला तो बेसल सेलचा कर्करोग, सहसा दूर न पसरणारा. पण पहिल्याच वेळी बारीक टाक्यात भागलं असतं, ते नंतर गालावरची कातडी फिरवून शिवावं लागलं.

आता पद्धतीबद्दल, कारण डॉक्टरांनी 'लक्ष ठेवा' म्हटलं तर तुम्ही पुन्हा फोटो काढणारच, आणि काढावेत असंच मला वाटतं.

नाणं बदला. रुपया, दोन आणि पाच यांचे आकार गेल्या काही वर्षांत इतके बदललेत की त्यांच्यावर भिस्त ठेवू नये. आजचा दोनचा शिक्का 23 चा आहे, 2011 चा 25 चा, त्याआधीचा 27 चा. पाचाचंही तसंच. दहाचं दोन धातूंचं नाणं मात्र आल्यापासून 27 मिलिमीटरच आहे. ते घ्या, घरातल्या पट्टीवर एकदा मोजून खात्री करा आणि पाकिटात घालून वर 'खर्च करू नये' असं लिहून ठेवा. हे मी गमतीने सांगत नाही. घरात सुट्या पैशांची किती मारामार असते ते मला माहीत आहे.

यजमानांना उभं करून नाणं धरण्यापेक्षा पालथं झोपवा, हात दोन्ही बाजूंना सरळ. नाणं आपोआप टेकून राहतं आणि तुमची बोटं चौकटीतून जातात. शिवाय हात दर वेळी त्याच जागी असले की खांद्याचं पातं कातडी वेगवेगळ्या दिशेने ताणत नाही. पाठीवर हे फार जाणवतं. हात डोक्यावर घेतला की गोल तीळही लांबट होतो आणि साक्षीदाराचं अंतरही बदलतं. नाणं तिळाला चिकटवू नका, बोटभर लांब ठेवा. पलंग खिडकीजवळ, सकाळची वेळ, फ्लॅश बंद.

फोन अगदी जवळ नेण्याचा मोह होतो, तो टाळा. फार जवळ गेलं की फोनची स्वतःची सावली पडते, काही फोन गुपचूप रुंद लेन्सवर जाऊन कडेच्या वस्तू ताणतात, आणि नाण्याच्या जाडीचासुद्धा फरक पडायला लागतो. वीतभर अंतर ठेवा, फोन पाठीला समांतर, आणि लांब वाटलं तर दुप्पट झूम करा. पडद्यावर तिळावरच बोट ठेवून फोकस होऊ द्या. चेहरा उजळवणारे फिल्टर पाठीलाही लागतात, ते बंद आहेत ना बघा. एक फोटो संपूर्ण पाठीचा काढा, म्हणजे तीळ कुठला याबद्दल वाद नको. एक नाणं आणि चिठ्ठीसह, आणि एक नाणं काढून, रंगासाठी. चिठ्ठीवर तारखेबरोबर 'डावं पातं' असंही लिहा. आणखी एखाद्या तिळाचे फोटो सुरू झाले की कुठला कुणाचा हा घोळ नक्की होतो.

चिठ्ठीची तुमची सवय सोडू नका. फोनमध्ये तारीख असते, मग चिठ्ठी कशाला, असं लोक विचारतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला की काढल्याची मूळ नोंद निघून जाते, आणि `IMG-20250914-WA0007.jpg` या नावातली तारीख ही फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून गेल्या-आल्याची असते. मेमध्ये काढलेला फोटो सप्टेंबरमध्ये पाठवला तर नाव सप्टेंबरचं पडतं. शिवाय फोटो दाबून लहान होतो आणि तिळाची कड पुसट होते. तुम्ही आधी पाठवलेल्या फोटोंत ते टोक मला नीट दिसलंच नव्हतं. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पुन्हा मागवल्या तेव्हा दिसलं. डॉक्टरांनाही तशाच द्या, किंवा सरळ फोनच दाखवा.

मोजायची एक सोपी युक्ती आहे. फोटो पडद्यावर इतका मोठा करा की दहाचं नाणं पट्टीने बरोबर 54 मिलिमीटर भरेल. आता सगळं खऱ्याच्या दुप्पट आहे. तीळ आडवा-उभा मोजा आणि निम्मं करा. तिळाची कड कधीच रेघेसारखी नसते, त्यामुळे पडद्यावर मिलिमीटरभर इकडेतिकडे होणारच, म्हणजे खऱ्या मापात अर्धा. अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाने झोप उडवून घेऊ नका. एक मिलिमीटरचा फरक दिसला, साक्षीदार जागेवर आहे आणि नाणं गोल आहे, तर तो खरा धरा. महिन्यातून एकदा पुरे. रोज बघणाऱ्याला बदल दिसत नाही आणि भीती तेवढी वाढते.

आणि काही ठिकाणी हा नाण्याचा खेळ करूच नका. तळपाय, तळहात किंवा नखाखाली नवा काळा डाग किंवा पट्टा आला, तर फोटो एकच काढा आणि निघा. आपल्या रंगाच्या लोकांत मेलेनोमा व्हायचाच असेल तर तो बरेचदा तिथेच होतो, आणि 'दगड लागला असेल' म्हणून महिने जातात. तसंच वर उठलेली, घट्ट, आठवड्यागणिक वाढणारी गाठ, मग ती काळी असो वा गुलाबी, आणि आपोआप रक्त येणारा किंवा महिनाभर न भरणारा ठिपका. यांच्यात पुढच्या महिन्याच्या फोटोची वाट बघण्यासारखं काही नसतं.

डॉक्टरांकडे मार्च, जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर हे चार फोटो न्या, मे आणि जून बाजूला ठेवा. टोक बोटाने दाखवा, कारण गर्दीच्या ओपीडीत ते सुटू शकतं. तीळ काढला तर पॅथॉलॉजीचा अहवाल मागून घ्या आणि जपून ठेवा, निकाल काहीही येवो. आणि मार्चचा अंगठ्याचा रुपया, सप्टेंबरचा नवा रुपया, दोन्ही सोबत असू द्या. नाहीतर डॉक्टरही मार्चचा फोटो सप्टेंबरच्या शेजारी ठेवून म्हणतील, 'अहो, हा तर चांगलाच वाढलाय.'